उतरता आले नाही

शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी चालत येतात, आणि तेही उशिरा! मी भाईंदर पश्चिमेला एका मराठी शाळेत क्लार्क आहे. शिक्षकांचं मस्टर माझ्या टेबलावर असतं. उशीर झाला की लाल शाईत लेटमार्क मी मारते आणि त्याच्यापुढे कारण ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, हा आमच्या मुख्याध्यापिकांचा, म्हणजे मोठ्या बाईंचा नियम. "तोंडी कारणं वाऱ्यावर जातात," असं त्या म्हणतात. त्यामुळे माझ्याकडे कारणांचा नुसता ढीग साचलाय. किल्ली हरवली. गॅस संपला. एका सरांनी तर 'सासरे आले' एवढंच लिहिलंय, पुढे काय झालं ते त्यांना आणि सासऱ्यांनाच ठाऊक!

पण एकाच माणसाच्या एकाच कारणावर अख्खी स्टाफरूम वर्षभर डोकं खाजवत बसली, असं फक्त चुरी सरांच्या बाबतीत झालं. मला तर अजूनही त्यातलं नीट काही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा बाई.

*

चुरी सर नागरिकशास्त्र शिकवतात. राहायला वसईला. इतकी वर्षं दुपारच्या अधिवेशनाला होते, तेव्हा आरामात यायचे. यंदा जूनपासून त्यांना सकाळचे वर्ग मिळाले आणि पहिल्याच आठवड्यात सर तासभर उशिरा आले. शर्टाची दोन बटणं गायब, चष्मा खिशात.

मोठ्या बाई ऑफिसातच उभ्या होत्या. "काय सर, ट्रेन लेट?"

"नाही बाई. ट्रेन अगदी टायमात होती."

"मग चुकली?"

"नाही बाई, मिळाली ना. भाईंदरला टायमात पोचलो."

"मग तासभर होतात कुठे?"

"बोरिवलीला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं.

"झोप लागली का हो सर?" मी जरा सांभाळून विचारलं.

"झोप? मॅडम, मी दारात उभा होतो! पण भाईंदर आलं आणि फलाटावरचे सगळे आत आले. मी त्यांच्याबरोबर मागे गेलो. मीरा रोडला परत तेच, दहिसरला परत तेच. बोरिवलीला मात्र उतरावं लागत नाही, तिथे उतरवतात!"

आणि मग सरांनी मस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'उतरता आले नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि केबिनमध्ये निघून गेल्या.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आमच्याकडे तीन लेटमार्क झाले की एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापली जाते, आणि सीएलचा हिशेब जून ते मे चालतो. आणि सर यंदा एकेक सीएल जिवापाड जपत होते. त्यांची एकुलती एक मुलगी प्राची चिपळूणला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण जानेवारीत. आई चार वर्षांपूर्वी गेली. सासरची माणसं चांगली, पण सासू स्वतःच अंथरुणाला खिळलेली. "पोरीला मी शब्द दिलाय, मॅडम," सर मला म्हणाले. "दवाखान्याच्या दाराशी तिचं स्वतःचं माणूस हवं. आई नाही तर बाप!"

मी म्हटलं, "मग मेडिकल टाका की सर. सर्टिफिकेट काय, मिळतं."

सर ताठ झाले. "मी नागरिकशास्त्र शिकवतो!"

म्हणजे सरांचा शब्द आणि माझी लाल शाई, असा तो मामला होता.

*

दुसऱ्या वेळी सरांनी ठरवलं, गोष्ट समजावून सांगायची. नायगाव गेलं, खाडीचा पूल लागला, तसे सर दारात येऊन उभे राहिले. गाडी भाईंदरला लागताना फलाटावरच्या लोकांना उद्देशून मोठ्याने म्हणाले, "मंडळी, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावं, मग चढावं. त्यात सर्वांचाच फायदा आहे!"

समोरचा एकजण म्हणाला, "बरोबर आहे काका. उतरा ना, कोण अडवतंय?" आणि हे म्हणत म्हणत तो आत चढला. सर त्याच्या छातीला टेकून मागे मागे, पार समोरच्या बंद बाजूपर्यंत.

"माणूस सभ्य होता हो," सर सांगत होते. "बोरिवलीपर्यंत मला बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत होता!"

लेटमार्क.

स्टाफरूममध्ये यावर जोरदार चर्चा झाली. आमचे पीटीचे गुरव सर नालासोपाऱ्याचे, म्हणजे या विषयातले तज्ज्ञ. त्यांनी फळ्यावर दार काढलं, मधोमध दांडा काढला.

"सर, तुमची चूक काय सांगू? तुम्ही पहिल्या रांगेला भाषण दिलं. पहिली रांग ढकलतच नाय! तिला दिसतंय ना, कोणीतरी उतरतोय. ढकलते चौथी-पाचवी रांग. तिला तुम्ही दिसत नाय. तिला फक्त गाडी दिसते, आणि पुढचा हलत नाय एवढंच कळतं."

"मग पहिल्या रांगेने पाय रोवून थांबावं," सर म्हणाले.

"थांबला तर त्याच्या बगलेतून दुसरा जातो! गाडी उभी राहते किती? वीस सेकंद, तीस सेकंद. नक्की किती ते कोणालाच ठाऊक नाय. शहाण्यासारखा थांबला तो एकतर लटकतो नायतर राहतो. आणि मेन गोष्ट, तुम्ही एकटे! बोरिवलीला, दादरला उतरणाऱ्यांचा लोंढा येतो, लोक झक मारत वाट देतात. सकाळी विरारच्या गाडीतून भाईंदरला उतरणार कोण? तुम्ही आणि अजून दोघं. फलाटावरच्याला वाटतं इथे कोणी उतरतच नाय."

"पण सर उतरल्याशिवाय त्यांना जागा कशी होणार?" मी विचारलं. हा माझा साधा प्रश्न. एक उतरला तर एकाची जागा होते, मग त्याला आत ढकलून काय मिळतं?

"होते ना जागा, मॅडम. पण कोणाची होते, ते कुठे माहितीय?"

मला पटलं. आणि दोन मिनिटांनी परत पटेना.

*

आमचे शिपाई भोईर मामा उत्तनजवळच्या चौक गावचे. घरात मासेमारी. ते उत्तनच्या बसने येतात, ट्रेनशी त्यांचा संबंध गणपतीला एकदा. त्यांनी चहा ठेवता ठेवता सगळं ऐकलं.

"त्यात काय हाय एवढं? आमच्याकडं होडी लागली का बायका गुडघाभर पान्यात उतरतात. म्हावरा खाली काढायच्या आदीच! जिची पाटी आदी लागली तिला चांगला म्हावरा. मागच्या बाईला कोलंबीची शेपटी न्हाय गावत."

चुरी सर एकदम पुढे सरसावले. "म्हणजे मामा, हा मनुष्यस्वभावच! दुर्मीळ वस्तू, अनिश्चित वेळ..."

"सोभाव हाय, बरोबर हाय," मामा म्हणाले. "पन सर, म्हावरा उतरवनाऱ्याला आमच्याकडं कोनी परत दर्यात न्हाय ढकलत!"

चर्चा तिथेच संपली.

*

गणिताच्या शहा मॅडमना मात्र चैन पडेना. "आपण करून बघू ने!" म्हणाल्या आणि नववी ब ला कामाला लावलं. अर्धी मुलं वर्गात, अर्धी व्हरांड्यात, दार एकच. आतल्यांनी बाहेर यायचं, बाहेरच्यांनी आत जायचं.

पहिल्या वेळी मॅडमनी सांगितलं, "आत गेलेल्या प्रत्येकाला बाक आहे. वेळ पाहिजे तेवढा घ्या." मुलं अशी काही गेली-आली की आम्ही थक्क! एकाने तर दुसऱ्याला "पहले आप" केलं.

दुसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "आता बाक निम्मेच. आणि मी कधी पण शिट्टी मारीन, शिट्टी वाजली की दार बंद." बस! तीच मुलं, तेच दार. आतला एक पोरगा दारात आडवा झाला, त्याच्यावरून तिघं आत गेले. बिजागरी निखळली. आणि गंमत म्हणजे घाई करून पहिल्यापेक्षा जास्तच वेळ लागला!

चुरी सरांना आनंद मावेना. "बघा! ढकलाढकलीत सर्वांचाच तोटा! सिद्ध झालं!"

"सर्वांचा क्यां? सर्वांचा कुठे?" शहा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बाकावर कोण बसलंय ते बघा ने सर. जे ढकलून गेले तेच बसलेत. जे थांबले ते सगळे उभे आहेत."

सर बघत राहिले. खरंच की! आमची सगळ्यात गुणी मुलगी रिद्धी तर अजून व्हरांड्यातच होती, वेणी सुटलेली. सर तिला म्हणाले, "शाब्बास बाळा, तू थांबलीस!"

"थांबले होते सर," ती रडवेली होऊन म्हणाली, "पण मी थांबलेय हे मागच्यांना कळलंच नाही!"

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. बिजागरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"गणित, बाई!" शहा मॅडम म्हणाल्या.

*

दिवाळीपर्यंत सरांच्या तीन सीएल गेल्या. प्राचीचे फोन वाढायला लागले. मी सरांना सुचवलं, लवकर निघा, थेट बोरिवलीला जा, तिथे लोक उतरवतातच. मग उलट दिशेची गाडी धरून भाईंदरला या, सकाळी उलट गाड्या रिकाम्या असतात. सरांनी पास बोरिवलीपर्यंत वाढवला. सगळं नियमात!

पहिला दिवस. मी शांती नगरला राहते, मीरा रोडहून एकच स्टेशन उलटं येते. नेमकी त्याच गाडीत लेडीज डब्यात होते, आणि पुढच्या डब्याच्या खिडकीत चुरी सर बसलेले मला मीरा रोडलाच दिसले. काय तो रुबाब! मला हात केला.

आता गंमत ऐका. ही गाडी होती भाईंदरपर्यंतचीच. म्हणजे भाईंदरला येऊन तीच उलटी चर्चगेटला जाणार. मीरा रोडचे कितीतरी लोक मुद्दाम एक स्टेशन मागे येतात, उतरतच नाहीत, आणि बसून मुंबईला जातात. त्याला सगळे 'रिटर्न मारणं' म्हणतात. भाईंदरच्या फलाटावर उभे असलेल्यांना हे पक्कं माहीत असतं. आता आतला कोण उतरणारा आणि कोण रिटर्नवाला, हे बाहेरून कसं कळणार? उतरायची वाट बघावी तर निम्मे उतरतच नाहीत! वाट बघणारा बघत राहतो आणि त्याची तासाभराची सीट जाते. मग गाडी थांबायच्या आधीच लोक उड्या मारतात.

मी लेडीजमधून कोपरं मारत कशीबशी उतरले आणि सरांची वाट बघत थांबले. सर खिडकीत दिसत होते. उभे राहिले. मग दिसेनासे झाले. मग परत खिडकीत दिसले, आता बसलेले.

"सर, उतरा!" मी ओरडले.

"उतरतोय!" सर ओरडले.

गाडी चांगली पाच मिनिटं उभी होती. पाच मिनिटं सर उतरत होते. शेवटी गाडी सुटली आणि सर खिडकीतून मला काहीतरी सांगत सांगत परत बोरिवलीकडे गेले.

नंतर कळलं, त्यांच्या बाजूच्याने विचारलं होतं, "काका, रिटर्न?" सरांना वाटलं पासाचं विचारतोय. म्हणाले, "हो, रिटर्नचाही आहे!" मग तो कशाला पाय बाजूला घेईल?

मी लेटमार्क मारायला लाल पेन उचललं. सर म्हणाले, "मारा मॅडम, तुमचं काम आहे ते." आणि कारण लिहिलं. तेच!

त्यानंतर सर बोरिवलीहून परतताना भाईंदरची गाडी सोडून विरारला जाणारी धरायला लागले. ती पुढे जाणारी, तिच्यात चढायला कोणी जीव टाकत नाही. लेटमार्क थांबले. चार सीएल शिल्लक राहिल्या. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

*

प्राचीची तारीख जानेवारीच्या शेवटी होती. फोन आला दहा दिवस आधी, सकाळी ऐन तिसऱ्या तासाला. पोटात दुखायला लागलंय, दवाखान्यात नेतायत. सर वर्गातून आले ते हातात खडू तसाच. मी रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, सरांनी खडूनेच सही करायला घेतली!

बोरिवलीहून दहाची चिपळूणची एसटी होती. ती मिळाली तर संध्याकाळपर्यंत पोचणार. गुरव सर म्हणाले, "रिक्षा-टॅक्सी नको, काशीमिऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकाल. ट्रेनच." सरांना एकटं पाठवायचा धीर होईना, म्हणून मी आणि गुरव सर त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. ऐन गर्दीची वेळ. मी मनात म्हटलं, आज उतरायचं नाहीच आहे, आज नुसतं चढायचंय. बोरिवलीला तर लोक उतरवतीलच!

पहिली गाडी आली. सर दाराच्या बाजूला अदबीने उभे. आतून एक बाबा उतरला, मग एक पोरगा. सर थांबलेले. लोक सरांच्या दोन्ही बाजूंनी आत. गाडी गेली.

"सर, चढायचं ना!"

"उतरत होते ना, मॅडम."

दुसरी गाडी आली. सरांनी आत डोकावून विचारलं, "कोणी उतरणारं आहे का?" कोणी उत्तर दिलं नाही. सर उत्तराची वाट बघत राहिले. गाडी गेली.

माझं डोकंच फिरलं. मी तिथे फलाटावर ओरडले, "सर, तुमची मुलगी तिकडे एकटी आहे! नागरिकशास्त्र गेलं खड्ड्यात!"

"हो, हो. आता चढतोच."

तिसरी गाडी. ह्या वेळी खरंच एकजण आत अडकलेला. बॅग डोक्यावर, "उतरणार, उतरणार" करून ओरडतोय, आणि सगळे त्याला आत ढकलतायत. सरांनी ते बघितलं आणि काय झालं त्यांना कुणास ठाऊक! सगळ्यांना बाजूला सारत ते दारापर्यंत पोचले. मला वाटलं, चला, चढले एकदाचे! तर सरांनी त्या माणसाचा हात धरला आणि सगळा जोर लावून त्याला बाहेर खेचला. दोघे फलाटावर आले. गाडी सुटली.

तो माणूस सरांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, थँक्यू! दोन महिन्यांत आज पहिल्यांदा भाईंदरला उतरलोय!"

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसासाठी की प्राचीसाठी, मी विचारलं नाही. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

चौथी गाडी लागली तेव्हा मी गुरव सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. गाडी पुरती थांबली पण नव्हती. दोघांनी सरांच्या पाठीला हात लावले आणि ढकललं. मी आयुष्यात कोणाला एवढ्या जोराने ढकललं नसेल. आतून एक बारीकसा आवाज आला, "उतरू द्या ओ, उतरायचंय!" मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. मी आणखी जोराने ढकललं.

गाडी गेली. सर आत होते.

मी फलाटावरच्या बाकावर बसले. तो आवाज कोणाचा होता, तो माणूस पुढे कुठे उतरला, त्याच्याही कुठल्या मस्टरला माझ्यासारखीच कोणी बसली असेल का, काही माहीत नाही. लाज वाटली का? वाटली. पण परत ढकलशील का विचारलं तर काय सांगू! गुरव सर म्हणाले, "मॅडम, आता कळलं का लोक का ढकलतात?" मी म्हटलं, "नाही."

आणि खरंच नाही कळलं. आपलं माणूस आत गेलं की बरं वाटतं, एवढंच कळलं.

*

सरांना एसटी मिळाली. चार दिवसांनी हजर झाले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. मुलगी झाली, दोघी सुखरूप. स्टाफरूम भरली. मोठ्या बाई स्वतः येऊन बसल्या. सर नुसते हसत होते.

"वेळेत पोचलात ना सर?" मी विचारलं.

"संध्याकाळीच पोचलो. दाराशीच बसून होतो, मॅडम. प्राचीला निरोप दिला, बाबा बाहेर आहे. सकाळी सात-साडेसातला आतून रडण्याचा आवाज आला आणि..." सर थांबले.

"आणि काय?"

"काही नाही."

"सांगा ना सर!" शहा मॅडम म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दार जरासं उघडलं. एक नर्स बाळाला घेऊन बाहेर येत होती, तिच्यामागे दुसरी ट्रॉली घेऊन. दार अरुंद. मी... मी म्हणजे घुसलोच. ट्रॉली आडवी झाली. एक भांडं पडलं. मामा, तुम्हाला सांगतो, दोघींना मी परत आत नेलं!"

सगळे सरांकडे बघत होते.

"मग?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मग काय, ती नर्स बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली आणि म्हणाली, अहो आजोबा, आधी आम्हाला बाहेर तर येऊ द्या!"